आई धूसर दिसते

माझ्या धाकट्या बहिणीला ऐकू येत नाही. चार वर्षांची असताना मोठा ताप आला आणि जाताना तिचे कान घेऊन गेला. पुढे ती मूकबधिर शाळेत गेली, लिहायला-वाचायला शिकली, पण आमच्या घरातली भाषा घरातच तयार झाली. अर्धी ओठांची, अर्धी हातांची. आईची खूण म्हणजे नाकातल्या चमकीला बोट लावणं. माझी खूण म्हणजे वेणी ओढणं. ती कशावरून पडली असेल हे वेगळं सांगायला नको. माझे ओठ तिला नीट वाचता येत नाहीत, त्याचं खापर ती गेली तीस वर्षं माझ्या मिशीवर फोडते. आईचे ओठ मात्र तिला पुस्तकासारखे वाचता येतात. आई तिच्याशी बोलताना आवाज काढतच नाही म्हटलं तरी चालेल, पण एकेक अक्षर ओठांवर ठेवून दाखवते.

तिची एक सवय लहानपणापासूनची. समजलं नाही की ती मान हलवायची, हो म्हणायची. कुणाला पुन्हा पुन्हा सांगायचा त्रास नको, म्हणून. एका लग्नात वाढपी विचारत गेले आणि ही मान हलवत गेली, आणि शेवटी पानात जिलब्यांचा ढीग बघून रडायला लागली. आम्ही सगळे फसायचो, आई फसायची नाही. "ही खोटी मान," असं म्हणायची आणि तिची हनुवटी धरून तेच पुन्हा सांगायची. खोटी मान घाईत हलते, असं आईचं म्हणणं. खरी मान जरा थांबून हलते.

लग्न होऊन ती सुरतेला गेली. नवराही तिच्यासारखाच, ऐकू न येणारा, हिरे घासण्याच्या कामात तरबेज. दोघंच राहतात. ती भरतकामाच्या कारखान्यात डिझाइनं बघते. संध्याकाळी ती कामावरून आली की आई इथे दिवा लावून टॅबसमोर बसायची आणि मायलेकींचा व्हिडिओ कॉल सुरू व्हायचा. त्या वेळी आमच्या घरात टीव्हीचा आवाज कितीही मोठा असला तरी चालायचा. त्या दोघींना काय फरक पडणार होता!

आधी हे सगळं मोबाइलच्या नेटवर, गच्चीत खुर्ची टाकून चालायचं. मग माझ्या मुलाला घरून काम मिळालं आणि आम्ही केबलवाल्याकडून ब्रॉडबँड घेतलं. शंभर एमबीपीएस वेगाचा प्लॅन. मी त्या शंभरवर इतका खूश होतो की येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचो. सिनेमे धो धो यायचे, चित्र कधी अडायचं नाही. आईला गच्चीचा जिना चढावा लागेना, ती देवघराशेजारी बसून बोलू लागली. पहिले काही महिने सगळं सुरळीत होतं.

मग मी एक उद्योग काढला. रिटायरमेंट जवळ आली की माणसाला उद्योग सुचतात. घरातले जुने अल्बम बाहेर काढले, एक स्कॅनर आणला आणि एकेक फोटो स्कॅन करायला बसलो. आमच्या वडिलांना कॅमेऱ्याचा नाद होता, आणि त्यातले निम्मे फोटो बहिणीचे. परकरातली, दात पडलेली, आमच्या नाशिकच्या गंगेच्या घाटावर आईचा हात धरून उभी. हे सगळे तिला पाठवायचे, असं मनात होतं. तिच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेटही कॉम्प्युटरवर उतरवून आणली. काम करायचं तर चोख, म्हणून प्रत्येक फोटो सगळ्यात मोठ्या आकारात. मुलानं क्लाउडवर बॅकअप लावून दिला: फोटो फोल्डरमध्ये टाकला की तो आपोआप वर चढणार, आणि सगळं चढलं की आत्याला एक लिंक पाठवायची. मी अंबडच्या कारखान्यातून घरी आलो की कॉम्प्युटर चालू करायचो आणि झोपताना मेन स्विचपासून बंद करायचो, कारण वीज वाया घालवणारा माणूस मला बघवत नाही. म्हणजे ते चढणं व्हायचं ते नेमकं संध्याकाळी. तेव्हा या गोष्टीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

थोड्याच दिवसांत बहिणीचा मेसेज आला: आई धूसर दिसते. मी टॅबमध्ये डोकावलो. बहीण तर लख्ख दिसत होती, तिच्या मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख वाचता येत होती. मी तिला लिहिलं की आम्हाला तू स्वच्छ दिसतेस, तुझंच नेट खराब असणार, कंपनी बदल. बिचारीनं बदललं. पुन्हा मेसेज, तेच. मी लिहिलं की मग फोन जुना झाला असेल. तिनं फोनही बदलला. मी तिला एखाददुसरा फोटो पाठवायला जायचो तर तोही गोल गोल फिरत बसायचा, त्याचा दोषही मी तिच्याच माथी मारला. मी कारखान्यात क्वालिटी बघतो; मोजल्याशिवाय तिथे यंत्राचा एक बुशही पुढे जाऊ देत नाही. घरचं मात्र दिव्याखाली अंधार.

आईला मी हे सांगितलं तेव्हा ती हसली. म्हणाली, "धूसर मला दिसायला पाहिजे. तिला काय झालं?"

त्याला कारण होतं. आईचा एक डोळा काचबिंदूनं कधीच गेलेला. दुसऱ्यात मोतीबिंदू पिकत आला होता आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता थांबू नका, उशीर केला तर गुंतागुंत वाढेल. ऑपरेशन रोजचंच, लोक संध्याकाळी घरी येऊन चहा पितात. पण आईचा तो एकुलता एक डोळा होता. तिला भीती बसली. आम्हाला तिनं ती दाखवली नाही. आम्हाला तिनं फक्त देवघरातली समई पुन्हा पुन्हा पुसताना दाखवली.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मी रिक्षा बोलावली. आई नेसून तयार होती, पण पलंगावरून उठेना. फाटकाकडे बघत बसली होती. म्हणाली, खोकला झालाय, आज नको. खोकला कुठलाच नव्हता. मी चिडलो, बायकोनं समजावलं, रिक्षावाला हॉर्न वाजवून वाजवून निघून गेला. डॉक्टरांनी पुढची तारीख दिली ती थोडी लांबची. संध्याकाळी आईनं टॅब उशीखाली सरकवला आणि म्हणाली, आज कॉल नको. दुसऱ्या दिवशीही नको. मग रोजच नको. बहिणीनं मेसेज करून विचारलं, तर बरी आहे, जरा दमलीय, एवढंच मी कळवलं.

खरं काय ते तिनं माझ्या बायकोला सांगितलं. बहिणीला ऑपरेशनचं मीच सांगेन, असं तिनं आम्हाला बजावलं होतं, आणि ऑपरेशनच्या आठवडाभर आधी दार लोटून तिनं एकटीनंच बहिणीशी बोलून घेतलं होतं. सांगितलं होतं की ऑपरेशनच्या आधी एकदा येऊन जा. काही बरंवाईट झालं तर तुझे हात मला पुन्हा दिसायचे नाहीत, आणि मग आपण बोलायचं कसं? एवढं सांगितलं आणि बहिणीनं मान हलवली. आली मात्र नाही. ना आली, ना ऑपरेशनची चौकशी केली.

मला संताप आला. मी फोन काढून मेसेज लिहायलाच बसलो होतो. आईनं मला हाक मारली.

"तिला एक अक्षर कळवायचं नाही. माझं मी सांगितलंय. ती हो म्हणाली होती. माया काय मागून घ्यायची असते?"

आईसमोर माझं काही चालत नाही. मेसेज पुसला, पण राग काही पुसला गेला नाही. लेक सुरतेची झाली, असं मनातल्या मनात म्हणत राहिलो. आणि आई दिवसेंदिवस गप्प होत गेली. पुढच्या तारखेचं नाव काढलं की ती विषय बदलायची. डोळ्यासमोरचं ताट चाचपडायला लागली होती, तरी विषय बदलायची. ऑपरेशन झालंच नाही तर उरलासुरला उजेडही जाईल, हे आम्हाला सगळ्यांना दिसत होतं.

त्याच सुमारास कंपनीच्या कामानं मला सुरतेला जावं लागलं. आईनं चिवड्याची पिशवी भरून दिली आणि बजावलं की नुसती खुशाली बघून ये, तो विषय काढू नकोस. निघताना मी मुलाला बजावलं की माझा कॉम्प्युटर बंद करायचा नाही. मी दोन दिवस नाही, तेवढ्यात ते राहिलेले फोटो आणि कॅसेट वर चढून जाऊ देत. जन्मात पहिल्यांदा मी एखादी वस्तू चालू ठेवून घराबाहेर पडलो.

सापुताऱ्याचा घाट उतरेपर्यंत मी बहिणीला काय काय सुनवायचं त्याची जुळवाजुळव केली होती. काम उरकून संध्याकाळी तिच्या घरी पोचलो. तिनं दार उघडलं आणि मला बघून वेणी ओढली. तिथेच माझी अर्धी जुळवाजुळव फुकट गेली. पण ती जरा वाळल्यासारखी वाटली. चहा ठेवता ठेवता तिनं चमकीला बोट लावलं आणि हात हवेत उलटा केला: आईचं काय? कॉल का करत नाही? मी खांदे उडवले. आईला दिलेला शब्द होता, आणि शिवाय मी रागावलेलो होतो.

एवढ्यात बहिणीच्या फोनवर घरून कॉल आला. मी पोचलो का बघायला बायकोनं केला होता आणि आग्रह करून आईलाही शेजारी बसवलं होतं. बहिणीनं फोन उचलून समोर धरला. मी तिच्या खांद्यावरून बघितलं.

माझं घर मला ओळखू आलं नाही. चौकोनी चौकोनी ठिगळं, त्यात एक पिवळट डाग, तो देवघराचा बल्ब असावा. दोन डोकी. त्यातलं एक आईचं, ते केवळ पांढऱ्या केसांवरून. तोंडाच्या जागी एक पुसट पट्टी, ती हलायची आणि मग गोठून जायची, आणि पुन्हा हलायची तेव्हा मधलं सगळं निघून गेलेलं असायचं. आवाज मात्र नीट येत होता. बायको विचारत होती, पोचलात का, जेवलात का, आणि वर, "आम्हाला तुम्ही दोघं छान दिसताय बरं का!"

आवाजाला वाट थोडी लागते. रस्ता अरुंद झाला की हे कॉल चित्राला मागे ठेवतात आणि आवाज आधी पाठवतात, कारण लोकांचं आवाजावर भागतं. माझ्या बायकोचं भागत होतं, माझं भागत होतं. त्या घरात आवाज घेणारं कुणी नव्हतं. बहीण त्या पुसट पट्टीकडे डोळे ताणून बघत होती. पलीकडून बायकोनं तिला काहीतरी विचारलं. आणि बहिणीनं मान हलवली. घाईत.

मी ती मान बाजूनं, हातभर अंतरावरून बघितली. कॉल बंद व्हायच्या आधी महिनाभर ही पोर अशी मान हलवत बसली असणार, आणि तिकडे एका डोळ्यानं, तोही मोतीबिंदूचा, आई ती मान खरी धरून बसली असणार.

आधी मी माझा फोन काढून, माझ्या सिमवरून कॉल लावून बघितला. तीच ठिगळं. म्हणजे दोष सुरतेचा नव्हताच. मुलाला हाक मारून म्हटलं, नेटचा वेग मोजून सांग. तो म्हणाला, पंच्याण्णव आहे बाबा, झकास. मी म्हटलं, तो येणारा. जाणारा किती?

त्यानं पुन्हा मोजलं. मग म्हणाला, "एकाचा अर्धासुद्धा नाही. आणि आपल्या प्लॅनमध्ये जाणारा आहेच मुळी पाच." कामाच्या मीटिंगा तो कॅमेरा बंद ठेवून करतो, त्यामुळे त्यालाही कधी कळलं नव्हतं.

टाकीचा नळ बोटभर जाड आणि मोरीचा पाइप काडीएवढा, अशी ती गत होती. आमच्याकडे यायचं ते सगळं धो धो येत होतं म्हणून आम्ही सुखात होतो. घरातून बाहेर जायचं ते सगळं त्या काडीतून जायचं: आईचा चेहरा, फाटकावर बसवलेल्या सीसीटीव्हीचं चित्र, आणि माझे ते थोरले थोरले फोटो. मी ओरडलो की माझा कॉम्प्युटर बंद कर, मेन स्विचपासून. मुलगा म्हणाला, बाबा, पण बॅकअप चालू आहे. मी म्हटलं, म्हणूनच.

तो आत गेला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग ठिगळं बारीक व्हायला लागली, पिवळ्या डागाचा बल्ब झाला, आणि आई आली. चमकीसकट, कपाळावरच्या आठ्यांसकट. ती कॅमेऱ्याकडे बघतही नव्हती. माझ्या बायकोकडे वळून, हळू आवाजात, नेहमीच्या सवयीनं एकेक अक्षर ओठांवर ठेवत ती तक्रार करत होती:

"बघ, आताही मान हलवली. त्या दिवशीही अशीच. ये म्हटलं, हो म्हणाली, आणि आली नाही."

ते बोलणं बहिणीसाठी नव्हतं. पण बहिणीनं ते वाचलं. तिनं फोन खाली घेतला, माझ्याकडे वळली आणि चमकीला बोट लावून दोन्ही हात पसरले. कधी? कुठे ये म्हटलं? तिचा चेहरा मला बघवत नव्हता. आईला दिलेला शब्द मोडून मी कागद घेतला आणि मिशीची भानगड नको म्हणून सगळं लिहून काढलं: डोळा, ऑपरेशन, फाटकाकडे बघत बसणं, परत गेलेली रिक्षा. तिनं वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला. मग मला एक धपाटा घातला. तो मला लागू होता, कारण तिनं तर पहिल्याच दिवशी कळवलं होतं की आई धूसर दिसते.

मग ती तशीच उठली आणि माळ्यावरची बॅग काढायला लागली. तिचा नवरा दारात चपला काढत होता, त्याला काय झालं ते तिनं दोन हातांत सांगितलं, आणि त्यानं पायातली चप्पल न काढताच बसच्या वेळा बघायला फोन हातात घेतला. बहिणीच्या फोनवर माझी बायको अजून विचारत होती की काय चाललंय तिकडे. मी म्हटलं, आईला सांग, घेऊन येतोय तिला.

नाशिकला आल्यावर मी केबलवाल्याला गाठलं. मी त्याला म्हटलं, शंभर शंभर म्हणून सांगता, वर जाणारा पाच हे कोण सांगणार? तो शांतपणे म्हणाला, "काका, लोकांना बघायचं असतं. पाठवायचं कुणाला असतं?" त्याचंही खोटं नव्हतं, त्याची गिऱ्हाइकं सिनेमे आणि क्रिकेट बघणारी. भांडण्यात अर्थ नव्हता. येणारा-जाणारा सारखा असलेला दुसरा प्लॅन त्याच्याकडे होता, तो घेतला. राहिलेले फोटो बहिणीनं पेनड्राइव्हवर घेतले, पण आधी अल्बम घेऊन कोपऱ्यात बसली आणि मूळ फोटोच बघितले. तिच्या म्हणण्याप्रमाणे स्कॅन करून मी तिला आणखी काळी केली आहे.

या खेपेला आई रिक्षात पहिली जाऊन बसली. बहिणीनं तिचा हात धरला होता आणि ऑपरेशनच्या खोलीच्या दारापर्यंत सोडला नाही.

संध्याकाळी आम्ही आईला घरी आणलं. डोळ्यावर पट्टी, ती दुसऱ्या दिवशी डॉक्टर काढणार होते. म्हणजे त्या एका रात्रीपुरतं आईला काहीच दिसत नव्हतं. ज्याची भीती होती तेच. बहीण पलंगाच्या कडेला बसली होती. तिला आई दिसत होती, पण तिचे हात आईला दिसत नव्हते. मी दारात औषधाची बाटली घेऊन उभा होतो. मला वाटलं, आता या दोघी काय करणार?

आईनं चाचपडत हात पुढे केला, तो बहिणीच्या खांद्याला लागला, तिथून वर सरकत डोक्यावर गेला आणि तिथेच राहिला. मग ती बोलली. आवाज जवळजवळ नाही, ओठ मात्र सावकाश.

"माझा राग गेला बरं का."

हाताखालची मान हलली. पटकन.

"ही खोटी मान," आई म्हणाली. क्षणभर थांबली, जीभ हिरड्यांवरून फिरवली आणि मग दाराकडे तोंड करून मला म्हणाली, "अरे, माझी कवळी दे इकडे. दात नसल्यावर काय वाचणार ती?"

मी वाटीतली कवळी धुऊन तिच्या हातात दिली. तिनं ती नीट बसवली, हात पुन्हा बहिणीच्या डोक्यावर ठेवला आणि तेच वाक्य पहिल्यापासून म्हटलं. बहीण तिच्या ओठांकडे बघत राहिली. मग थोडं थांबून मान खाली गेली, आणि बराच वेळ तशीच आईच्या हाताखाली राहिली.